औषध तेच, डोस तोच, मग गुण का येत नाही?

"पहिल्यांदा घेतलं तेव्हा एका गोळीत उतार पडला होता. आता दोन घेतल्या तरी ढिम्म फरक नाही. अंगाला सवय झाली वाटतं, डॉक्टर."

भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, वेदनांच्या ओपीडीत आणि घरातल्या माणसांच्या तोंडूनही सतत ऐकते. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ज्याला आपण सरसकट 'सवय' म्हणतो, त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एकीत डोस वाढवणं योग्य असतं, दुसरीत डोस कितीही वाढवला तरी उपयोग नसतो, आणि तिसरी तर काही वेळा डॉक्टर मुद्दाम घडवून आणतात. वैद्यकशास्त्रात त्यांना टॉलरन्स, टॅकिफायलॅक्सिस आणि रिसेप्टरचं डाउनरेग्युलेशन म्हणतात. पुस्तकांत ही नावं एका ओळीत येतात, त्यामुळे ती एकाच जातीची वाटतात. ती तशी नाहीत. पहिली दोन नावं आपल्याला बाहेरून काय दिसतं ते सांगतात, तिसरं नाव पेशीत काय घडतं ते सांगतं. 'ताप' आणि 'मलेरिया' हे शब्द जसे एका पातळीवरचे नाहीत, तसंच हे आहे.

सुरुवात माझ्या टेबलापासून करते, कारण तिथे ही गोष्ट पंधरा मिनिटांत डोळ्यांदेखत घडते.

सिझेरियनची केस होती. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. अशा भुलीत पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. हे अपेक्षितच असतं. या बाईंचा रक्तदाब ११८/७४ होता, तो चार मिनिटांत ८२/४६ वर आला. "मळमळतंय, कसंतरी होतंय," असं त्या म्हणाल्या. सलाइन जोरात सोडलं, टेबल डावीकडे थोडं कलतं केलं आणि मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. आपल्याकडच्या बहुतेक ऑपरेशन थिएटरांत हे औषध भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयारच असते. मिनिटभरात वरचा रक्तदाब ११० झाला. पाच मिनिटांनी पुन्हा ८६. पुन्हा ६ मिलिग्रॅम दिले, या वेळी जेमतेम १०० पर्यंत चढला. तिसऱ्या वेळी तेवढंच औषध दिलं, तर काटा ९२ च्या पुढे सरकेना.

अशा वेळी पहिला प्रश्न औषधाचा नसतो. रक्तस्राव होतोय का, सक्शनच्या बाटलीत किती जमलंय, भूल अपेक्षेपेक्षा वर चढली आहे का, गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडतंय का, हे आधी बघावं लागतं. 'औषधाची सवय झाली' असं म्हणून मोकळं झालं आणि खरं कारण रक्तस्राव निघालं, तर तो जिवाशी खेळ होतो. इथे ते सगळं ठीक होतं. मग मी औषध बदललं. फिनाइलेफ्रिनचे ५० मायक्रोग्रॅम दिले आणि मिनिटभरात रक्तदाब ११६ वर जाऊन टिकला.

दोन्ही औषधं रक्तदाबच वाढवतात. मग एक थकलं आणि दुसरं कसं चाललं? उत्तर दोघांच्या कामाच्या पद्धतीत आहे. मेफेंटरमिन रक्तवाहिनीला स्वतः फारसं आवळत नाही. ते मज्जातंतूच्या टोकापाशी जातं. तिथे बारीक पिशव्यांमध्ये नॉरॲड्रिनलिन साठवून ठेवलेलं असतं, ते बाहेर काढतं, आणि रक्तवाहिनी आवळण्याचं खरं काम ते नॉरॲड्रिनलिन करतं. पहिल्या डोसला साठा भरलेला असतो. दुसऱ्या डोसपर्यंत सहज निघण्यासारखं बरंचसं निघून गेलेलं असतं आणि नवं तयार होऊन भरायला वेळ लागतो. तिसऱ्या डोसला मेफेंटरमिन पोचतं, पण बाहेर काढायला आत फारसं काही उरलेलं नसतं. फिनाइलेफ्रिनला त्या साठ्याची गरजच नाही. ते थेट रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं ते प्रथिन, ज्याला औषध किंवा हार्मोन चिकटल्यावर पेशीला निरोप मिळतो. मराठी पुस्तकांत त्याला 'ग्राही' म्हणतात. फिनाइलेफ्रिन चाललं, याचाच अर्थ रिसेप्टर जागेवर होते आणि शाबूत होते. रिकामं झालं होतं ते कोठार.

हा झाला टॅकिफायलॅक्सिस. ग्रीकमध्ये 'टॅकिस' म्हणजे झटपट आणि 'फायलॅक्सिस' म्हणजे संरक्षण. काही मिनिटांत किंवा तासांत, मोजक्या डोसनंतर औषधाचा परिणाम झपाट्याने घसरतो. त्याची व्यवहारातली खूण अशी की डोस वाढवून आधीचा परिणाम परत मिळत नाही, पण मध्ये पुरेसा वेळ जाऊ दिला तर औषध पुन्हा पहिल्यासारखं काम करतं.

हे कोठाराचं प्रकरण कसं सिद्ध झालं, त्या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन तिचे परिणाम नोंदवले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ते प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रेसरपिन मज्जातंतूंना नॉरॲड्रिनलिन साठवूच देत नाही, त्यामुळे साठा हळूहळू रिता होतो. याचाच उपयोग करून इंग्लंडमध्ये बर्न आणि रँड यांनी १९५८ मध्ये एक नेटका प्रयोग केला. रेसरपिन दिलेल्या प्राण्यांना त्यांनी एफेड्रिन आणि टायरामिन ही, म्हणजे मेफेंटरमिनच्याच पठडीतली, द्रव्यं दिली. परिणाम जवळपास नाहीच. थेट नॉरॲड्रिनलिन दिलं, तर रक्तदाब व्यवस्थित चढला. मग त्यांनी काही वेळ नॉरॲड्रिनलिनचं सलाइन चालू ठेवलं आणि पुन्हा टायरामिन दिलं. आता ते काम करू लागलं, कारण रिकाम्या पिशव्या बाहेरून आलेल्या नॉरॲड्रिनलिनने भरल्या होत्या. कारण समजावणारे प्रयोग मी पुष्कळ वाचलेत, पण इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच.

आता टॉलरन्सकडे. तो असा मिनिटांत दिसत नाही, त्याला दिवस आणि आठवडे लागतात. त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मॉर्फिन आहे.

साठी ओलांडलेले एक शेतकरी वेदनांच्या ओपीडीत येत. तंबाखूने जबड्याचा कर्करोग झालेला. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू केली. पहिले दोन-तीन दिवस ते झोपाळलेले होते, मळमळत होतं. घरचे घाबरले. आठवड्याभरात झोप आणि मळमळ दोन्ही गेल्या, वेदनांवरचा आराम मात्र कायम राहिला. हाही टॉलरन्सच, आणि हा आपल्याला हवा असतो. शरीर मॉर्फिनच्या सगळ्या परिणामांना एकाच वेगाने सरावत नाही. गुंगीला लवकर सरावतं, वेदनाशमनाला सावकाश, आणि बद्धकोष्ठतेला जवळजवळ कधीच नाही. म्हणून मॉर्फिन सुरू करताना पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं आणि मॉर्फिन चालू असेपर्यंत बंद करायचं नाही. डोळ्यांच्या बाहुल्याही महिनोन्महिने बारीकच राहतात.

तिसऱ्या महिन्यात त्यांना २० मिलिग्रॅम लागू लागलं. टॅकिफायलॅक्सिसशी याची तुलना करा. डोस वाढवला आणि आराम परत मिळाला. टॉलरन्समध्ये परिणामाचा आलेख नाहीसा होत नाही, उजवीकडे सरकतो: तेवढ्याच परिणामाला जास्त औषध लागतं, पण मिळतं. मात्र इथेही एक खबरदारी आहे. कर्करोगाच्या रुग्णाला जास्त मॉर्फिन लागायला लागलं, तर बहुतेक वेळा कारण टॉलरन्स नसून आजार वाढलेला असतो. यांच्या बाबतीत मी विचारलं, "काका, दुखणं तिथंच आहे का नवीन कुठं?" त्यांनी कानामागे बोट ठेवलं. "इथनं वर डोक्यात चमक मारते, हे आधी नव्हतं." चमक मारणारी नवी वेदना म्हणजे गाठ मज्जातंतूपर्यंत पोचली होती. त्यांना रेडिएशनसाठी पाठवलं.

रेडिएशनने वेदना खूपच कमी झाली. मॉर्फिन पायरीपायरीने कमी करत बंद केलं. उरलेल्या गोळ्या घरात फळीवर राहिल्या. पाचेक आठवड्यांनी एका रात्री दुखणं उसळलं, तेव्हा मुलाने आठवणीतला शेवटचा डोस दिला, २० मिलिग्रॅम. दोन तासांत आराम नाही म्हणून तेवढंच पुन्हा. पहाटे त्यांना आणलं तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला सात. नॅलोक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून एकेक मिलिलिटर देत गेले. सगळं एकदम दिलं असतं, तर वेदनेचा सगळा भार एका क्षणात परत आला असता. श्वास बारावर आला तेव्हा थांबले, पण पुढचे कित्येक तास त्यांच्याजवळून हलले नाही. नॅलोक्सोनचा अंमल साधारण तासाभरात उतरतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त वेळ टिकतो, त्यामुळे श्वास पुन्हा मंदावू शकतो. ते वाचले. मुलगा कोपऱ्यात उभा राहून एकच म्हणत होता, "पण हाच डोस तर चालायचा त्यांना." होय, चालायचा. टॉलरन्स कमावलेला असतो, तसा तो ओसरतोही. पाच आठवड्यांपूर्वी ज्या शरीराला २० मिलिग्रॅम सोसत होते, ते शरीर आता राहिलं नव्हतं. त्या मुलाचा यात दोष नव्हता. गोळ्या बंद करताना ही गोष्ट त्याला कुणीतरी बसवून सांगायला हवी होती, आणि ते काम आम्हा डॉक्टरांचं होतं.

हा टॉलरन्स शरीरात नेमका कुठे असतो? सोपं उत्तर वाटतं की मॉर्फिनचे रिसेप्टर कमी होत असतील. पण १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मज्जापेशींवर केलेलं काम वेगळं सांगतं. मॉर्फिन दिल्यावर पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्याचं काम करणारं द्रव्य सुरुवातीला कमी होतं. मॉर्फिन तसंच चालू ठेवलं, की पेशी ते द्रव्य बनवणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते आणि मॉर्फिन असूनही पातळी पुन्हा पूर्वीसारखी होते. हा झाला टॉलरन्स. आता मॉर्फिन काढून घेतलं, की वाढलेला जोर तसाच राहतो आणि सायक्लिक एएमपी एकदम उसळतं. मॉर्फिन अचानक बंद केल्यावर घाम, जुलाब, तगमग, अंगावर काटा हे जे सगळं होतं, त्यामागे हीच उसळी आहे. शिवाय मॉर्फिन आपल्या रिसेप्टरना पेशीच्या आत खेचण्यात इतर काही अफूजन्य औषधांच्या मानाने फारच कमकुवत आहे. म्हणजे रिसेप्टर बऱ्यापैकी जागेवर असतानाही टॉलरन्स भरपूर येऊ शकतो. 'टॉलरन्स म्हणजे रिसेप्टर कमी होणं' हे समीकरण इथेच मोडतं.

काही टॉलरन्सचा तर मेंदूशी किंवा रिसेप्टरशी संबंधच नसतो, तो यकृतात घडतो. फिट्ससाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन यकृतातल्या ज्या एन्झाइमांकडून मोडलं जातं, त्यांनाच वाढवतं. तीन ते पाच आठवड्यांत तोच डोस घेऊनही रक्तातली पातळी खाली येते. हे ओळखणं मात्र सोपं आहे: रक्ततपासणीत पातळी कमी दिसते. पातळी तीच आणि परिणाम कमी असेल, तरच बदल पेशींमध्ये झालेला असतो.

मग रिसेप्टर खरोखर कमी होतात ते कधी? ही गोष्ट मला माझ्या मामांच्या आजारपणात पुन्हा एकदा नव्याने समजावून सांगावी लागली.

मामांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, मणक्यात पसरलेला. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, म्हणून ते बंद करण्यासाठी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्यांच्या डॉक्टरांनी आठवडाभर आधीपासून बायकॅल्युटामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली होती. इंजेक्शनचा कागद मामांनी स्वतः वाचला आणि मला फोन केला. शाळेत गणित शिकवलेला माणूस, विसंगती लगेच टोचते.

"अगं, हे औषध हार्मोन बंद करायला देतायत ना? मग इथं लिहिलंय की पहिल्या आठवड्यात हार्मोन वाढेल. हे कसलं गं औषध?"

"मामा, दोन्ही खरं आहे. आधी वाढेल, मगच बंद होईल."

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन पिट्युटरी ग्रंथीकडे जातं. पिट्युटरीला त्याचा निरोप मिळाला की ती एलएच आणि एफएसएच सोडते, आणि एलएचच्या सांगण्यावरून वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. यातली खरी गंमत अशी की जीएनआरएच सतत झिरपत नाही. साधारण तासा-दोन तासांनी एकेक लहान झोत येतो, मधला काळ शांतता. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर दाखवून दिलं की ती मधली शांतताच महत्त्वाची आहे. ज्या माकडांचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलं होतं, त्यांना तासाला एक झोत दिला तेव्हा पिट्युटरी व्यवस्थित चालू झाली. तेच हार्मोन अखंड सोडलं, तर एलएच आणि एफएसएच दोन्ही ढासळली. पुन्हा झोतांवर आणलं, तर पुन्हा चालू. द्रव्य तेच होतं. बदलली होती फक्त लय.

अखंड मारा झाल्यावर पिट्युटरीच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर आत ओढून घेतात, त्यातले पुष्कळ मोडीत काढतात, आणि जे उरतात त्यांचा आतल्या यंत्रणेशी असलेला दुवाही सैल होतो. डाउनरेग्युलेशन म्हणतात ते हेच: निरोप घेणाऱ्या रिसेप्टरची संख्याच घटणं. ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचचं जास्त टिकाऊ रूप आहे. इंजेक्शनच्या गाठीतून ते आठवडेच्या आठवडे सतत सुटत राहतं. पहिल्या दिवसांत रिसेप्टर भरपूर असतात, म्हणून टेस्टोस्टेरॉन उसळतं. साधारण तीन-चार आठवड्यांत रिसेप्टर घटतात आणि टेस्टोस्टेरॉन वृषण काढून टाकल्यावर जितकं असतं तितक्यावर येतं. बायकॅल्युटामाइडची गोळी त्या पहिल्या उसळीसाठी होती. ती कर्करोगाच्या पेशीतल्या रिसेप्टरला टेस्टोस्टेरॉन चिकटू देत नाही.

मी मामांना सांगितलं की पहिल्या दोन आठवड्यांत पाय जड वाटले, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटलला निघायचं. मणक्यातली गाठ उसळीत फुगली, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तसं काही झालं नाही. महिन्याने टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आला आणि मामींनी फोनवर आकडा वाचून दाखवला. तो ५० नॅनोग्रॅमच्या बराच खाली होता. इथे औषध 'लागू पडेनासं' झालं होतं, आणि तेवढ्याचसाठी ते दिलं होतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या काही उपचारपद्धतींत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही हेच डाउनरेग्युलेशन मुद्दाम घडवून आणतात.

रिसेप्टर घटण्याआधी पेशी आणखी दोन पायऱ्या चढते, आणि त्यांचा शोध मुख्यतः ॲड्रिनलिनच्या बीटा रिसेप्टरवर लागला. या कुळातल्या रिसेप्टरवरच्या कामासाठी रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रिसेप्टरवर सतत मारा झाला, की काही मिनिटांत त्याला फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याचा आतला संपर्क तोडतं. मग तो पेशीत ओढला जातो. इथवर तो परत वर येऊ शकतो. तास-दिवस मारा चालूच राहिला, तर तो मोडला जातो आणि नवा बनवावा लागतो. म्हणून संपर्क तुटल्याने आलेला परिणामाचा उतार लवकर भरून निघतो, रिसेप्टर मोडल्याने आलेला भरून निघायला दिवस लागतात. पहिली पायरी बाहेरून बघणाऱ्याला टॅकिफायलॅक्सिससारखीच दिसेल. मेफेंटरमिनचा टॅकिफायलॅक्सिस कोठार रिकामं झाल्याने येतो, हा रिसेप्टरचा संपर्क तुटल्याने. दिसायला सारखं, कारण वेगळं.

याच्या उलट प्रकारही असतो आणि तो माझ्या रोजच्या कामात येतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत हे रिसेप्टर दीर्घकाळ झाकलेले राहतात. निरोप मिळत नाही म्हणून पेशी त्यांची संख्या वाढवते. गोळी अचानक सोडली, की वाढलेल्या रिसेप्टरवर स्वतःचंच ॲड्रिनलिन तुटून पडतं. नाडी धावते, छातीत दुखतं, कधी हार्ट अटॅकही येतो. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी राहायला सांगताना आम्ही निक्षून सांगतो की ही गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. तंबाखूचंही आणखी वेगळं आहे. निकोटिनला माणूस सरावतो, पण धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत निकोटिनचे रिसेप्टर कमी नाही, जास्त सापडतात. टॉलरन्स आहे आणि रिसेप्टर वाढलेले आहेत. म्हणूनच मी म्हटलं, ही तीन नावं एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

एक उदाहरण मात्र कुठल्याच कप्प्यात सरळ बसत नाही: छातीत दुखण्यासाठी दिली जाणारी नायट्रेट औषधं. डायनामाइटच्या कारखान्यांतले कामगार नायट्रोग्लिसरिन हाताळत. सोमवारी त्यांचं डोकं भयंकर दुखे, आठवडा सरेल तसं दुखणं थांबे, आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. एका दिवसाच्या सुट्टीत टॉलरन्स जात होता. हृदयरुग्णांतही नायट्रेटचा पॅच चोवीस तास लावून ठेवला, तर दिवसा-दोन दिवसांत त्याचा परिणाम ओसरतो. जास्त ताकदीचा पॅच लावूनही गेलेला परिणाम धड परत येत नाही. इथे औषधाला चिकटायला पेशीवर रिसेप्टरही नसतो. रक्तवाहिनीतलं जे एन्झाइम नायट्रोग्लिसरिनमधून उपयोगी नायट्रिक ऑक्साइड मोकळं करतं, तेच सततच्या वापराने निकामी होत जातं. आणखीही कारणं आहेत, पण उपाय एकच: रोज दहा-बारा तासांची मोकळीक. म्हणून पॅच रात्री काढायचा असतो, आणि दोन वेळची मोनोनायट्रेटची गोळी सकाळी आठ आणि दुपारी तीन अशा विचित्र वेळांना लिहिलेली असते. ती वेळ 'सोयीची' करून सकाळ-संध्याकाळ घेणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. बारा-बारा तासांनी घेतली, की मोकळीक उरतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी औषधाचा गुण कमी झाला असं वाटेल, तेव्हा स्वतःहून गोळ्या वाढवण्याआधी डॉक्टरांना एवढं नेमकं सांगा: गुण किती दिवसांत किंवा किती डोसनंतर कमी झाला, मध्ये खंड पडला होता का, वाढीव डोसने फरक पडला का, आणि दुखणं तेच आहे की नवं. सर्दीला नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त चालू असतील, तर तेही सांगा, कारण नाक आता सर्दीने नव्हे, थेंबांनीच चोंदलेलं असू शकतं. आणि घरात मॉर्फिन किंवा त्या जातीचं दुसरं औषध आठवड्याभराहून जास्त दिवस बंद असेल, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय जुना डोस देऊ नका.